भारी रानाचा नत्र : कोरडी माती, भिजवलेली माती

आप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, पलूसच्या बाजूला कृष्णाकाठी मळीचं रान आहे. ऊस गेला की पाचट पेटवायचं, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. यंदा त्यांनी पाचट न जाळता सरीत कुजवायचं ठरवलं आणि माती माझ्याकडे पाठवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "आत्ता रानात नत्र किती हाय ते लिहून ठेव. चार-पाच वर्सांनी पुन्हा बघू, काय फरक पडतोय." मी सांगलीत एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना उपलब्ध नत्र हवा असतो, कारण खताची मात्रा त्यावर ठरते. आप्पांच्या प्रश्नाला मात्र तो आकडा उपयोगाचा नव्हता. उपलब्ध नत्र हंगामागणिक, पाण्यागणिक हलतो. वर्षांच्या अंतराने ताडून बघायचं तर एकूण नत्र काढायला हवा. म्हणजे सेंद्रिय पदार्थात अडकलेला, अमोनियमच्या रूपातला, झाडाला आज मिळो न मिळो, सगळा.

त्याची पद्धत जुनीच आहे. केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली ती धान्यातली प्रथिनं मोजायला बसवली. तीव्र सल्फ्युरिक आम्लात नमुना उकळून पचवायचा, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय नत्राचं अमोनियम सल्फेट होतं. मग अल्कली घालून त्यातून अमोनिया मोकळा करायचा, वाफेबरोबर बाहेर काढून बोरिक आम्लात धरायचा आणि किती आला ते टायट्रेशनने मोजायचं. मांडणी इतकी सोपी आहे. धान्याला ती जशीच्या तशी चालते. कृष्णाकाठच्या काळ्या चिकण मातीला लावताना मात्र एक पायरी आधी घालावी लागते, आणि हा सगळा लेख त्या पायरीपायीच लिहितेय.

आमच्या भिंतीवर लावलेल्या कार्यपद्धतीत ती पायरी नव्हती. तिथे लिहिलं होतं : अर्धा मिलिमीटर चाळणीतून गेलेली १ ग्रॅम माती डायजेशन ट्यूबमध्ये घ्या, क्षारमिश्रण घाला, १० मिली आम्ल घाला, तापवायच्या ब्लॉकवर ठेवा. आप्पांच्या मातीच्या दोन ट्यूब मी तशाच लावल्या आणि शेवटी ब्युरेटवर एकीला २.१५ मिली आम्ल लागलं, दुसरीला २.४०. एकाच पुडीतली माती, तोच ब्लॉक, तीच बाटली. पाव मिलीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मुळात टायटर, म्हणजे लागलेलं सगळं आम्लच, सव्वादोन मिलीच्या आसपास असताना तो शेकडा दहाच्या वर जातो. तांबूस मुरमाड मातीच्या जोड्या त्याच दिवशी नीट जुळल्या होत्या. तेव्हा आम्ल, ब्युरेट, डिस्टिलेशन यांच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

तरी खात्री करून घेतली. अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून नेमका १ मिलिग्रॅम नत्र घेतला आणि तो डिस्टिलेशनला लावला. ०.०२ नॉर्मल आम्लाने त्याचं टायटर हिशेबाने ३.५७ मिली यायला पाहिजे. ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचं टायटर, वजा जाता ३.५५ आलं. म्हणजे अमोनिया कुठल्या सांध्यातून गळत नव्हता. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही तपासणी फक्त डिस्टिलेशन आणि टायट्रेशनची आहे. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र आधीच अमोनियमच्या रूपात असतो, त्याला पचवायचं काहीच उरलेलं नसतं. त्यामुळे पचनात खोट असली तरी ही परीक्षा बिनबोभाट पास होते. खोट तिथेच होती.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ट्यूब उजेडाला धरल्या, तळाकडे बघितलं आणि विचारलं, "कोरड्या मातीवरच आम्ल ओततेस ना?" ट्यूब धुताना तळाचा गाळ मी वॉचग्लासवर काढून घेतला. मुरमाड मातीचा गाळ पांढरट वाळूसारखा सुटा होता. आप्पांच्या मातीच्या गाळात मोहरीएवढे कडक खडे होते. काचेच्या कांडीने दाबल्यावर ते फुटले आणि आतून काळपट निघाले. बाहेरून भाजलेले, आत आम्ल पोचलेलंच नाही. माती चाळणीतून गेली तेव्हा हे खडे नव्हते. कोरड्या चिकण मातीवर तीव्र आम्ल पडलं की कण एकमेकांना धरून बसतात, आणि आत अडकलेल्या सेंद्रिय पदार्थाला आम्लाचा स्पर्श होत नाही. कुठल्या ट्यूबमध्ये किती खडे होतील हे नशिबावर, म्हणून जोड्याही जुळत नाहीत.

यावरचा उपाय आपल्याकडच्याच काळ्या जमिनीवर काम करताना सापडलेला आहे, हे मला मॅडमकडून कळलं. नागपूरला डी. व्ही. बाळ यांनी जड चिकण जमिनींचा नत्र केल्डाल पद्धतीने कमी येतो हे दाखवून दिलं आणि आम्ल घालण्याआधी माती पाण्यात भिजवली की तो भरून येतो हेही. त्यांचा निबंध १९२५ सालचा आहे. पुढे या पद्धतीच्या हस्तपुस्तिकांत ही पायरी आली, पण प्रयोगशाळांच्या भिंतींवरच्या कागदांत ती बरेचदा गळते, कारण कागद एकमेकांवरून उतरवलेले असतात आणि हलक्या जमिनीत ती गळाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

मग नव्याने ट्यूब लावल्या. आधी माती अजून बारीक केली. इथे एक पथ्य आहे : घोटताना चाळणीवर जे उरतं ते फेकायचं नाही. काळ्या मातीत चाळणीवर उरतात ते बहुधा कडक कण आणि मुळांचे तंतू. मुळांत नत्र असतो. ते टाकले तर राहिलेली माती आपण आणलेल्या नमुन्याची राहत नाही. पुन्हा खलात घालून सगळी माती चाळणीखाली जाईपर्यंत घोटत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि खरं सांगायचं तर अचूकतेचा निम्मा भाग इथेच ठरतो. वजनं दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत केली, आणि माती कागदाच्या पन्हळीतून थेट तळाशी सोडली, म्हणजे ट्यूबच्या गळ्याला चिकटत नाही.

प्रत्येक ट्यूबमध्ये ३ मिली पाणी घालून हलकेच फिरवलं आणि अर्धा तास तशीच ठेवली. काळी माती पाण्यात कशी वागते ते शेतात सगळ्यांनी बघितलेलं आहे. ट्यूबमध्येही ती फुगते, तिचा चिखल होतो, कण सुटे होतात. त्या चिखलावर मग ३ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, सोबत त्याच्या दहावा हिस्सा मोरचूद, आणि शेवटी ट्यूब तिरकी धरून कडेने सावकाश १० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पाण्यावर तीव्र आम्ल पडतंय, ट्यूब हाताला चटका देण्याइतकी तापते. घाई केली तर आम्ल उडतं. गॉगल आणि हातमोजे घालून, धुराड्याखाली, एका वेळी एकच ट्यूब. कुणी विचारलं की हे पाणी शेवटी आम्ल पातळ करणार नाही का, तर नाही. ब्लॉक आधी दीडशे अंशांच्या आसपास ठेवला की ते पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि मग तापमान वाढवायचं. एकदम वाढवलं तर फेस ट्यूबच्या गळ्यापर्यंत चढतो आणि न पचलेली माती वर चिकटून बसते.

पोटॅशियम सल्फेट नत्राशी काही करत नाही. त्याचं काम एवढंच की आम्लाचा उत्कलनबिंदू वर न्यायचा. नुसतं तीव्र सल्फ्युरिक आम्ल ३३५ अंशांच्या आसपास उकळतं, क्षार घातला की त्याहून गरम राहतं आणि पचन लवकर होतं. पण क्षार जास्त झाला किंवा आम्ल उडून जाऊन ट्यूब कोरडी पडत आली, तर तापमान चारशेच्या पुढे जातं आणि आलेला नत्रच हवेत निघून जातो. ट्यूबमध्ये थंड झाल्यावर पांढरा दगडासारखा गोळा बसला, ओलावा दिसत नाही, तर ती ट्यूब बाद समजावी. मोरचुदाचं तांबं पचनाला जोर देतं. काही ठिकाणी जोडीला सेलेनियम घालतात, त्याने वेळ वाचतो. पण ते विषारी आहे आणि त्याचं सांडपाणी कुठे टाकायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून आम्ही ते वापरत नाही आणि तासभर जास्त थांबतो.

रंग बघत बसायला मला आवडतं. आधी सगळं डांबरासारखं काळं होतं, पांढरा धूर भरतो, मग काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं पिवळट, आणि शेवटी वर निवळ द्रव, खाली करडा-पांढरा गाळ. द्रवाला तांब्याची फिकट हिरवट झाक असते. इथे बरेच जण ट्यूब उतरवतात. द्रव निवळला म्हणजे कोळसा संपला, नत्र पूर्ण सुटला असं नाही. वलयात बांधलेला नत्र सगळ्यात शेवटी सुटतो. निवळल्यानंतर आणखी तास-दीड तास ब्लॉकवर ठेवायचं.

उतरवून कोमट झालं की पाणी घालायचं. पूर्ण गार होऊ दिलं तर क्षार घट्ट बसतो आणि हलवून हलवून हात दुखतात. या वेळी गाळ पाहिला : चिखलातून पचलेली माती तळाशी पिठासारखी बारीक बसली होती. खडा एकही नव्हता.

डिस्टिलेशनला मी ट्यूबमधलं सगळंच घेते. काही जण १०० मिलीला नेऊन त्यातले १० मिली घेतात. भारी खत घातलेल्या नमुन्याला ते ठीक आहे. आपल्या शेतजमिनीत नत्र इतका थोडा असतो की त्याचा दहावा हिस्सा घेतला तर ब्युरेटवर मोजायला काही उरतच नाही. बाहेर शंक्वाकृती फ्लास्कमध्ये २० मिली बोरिक आम्ल, त्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथाइल रेडचा मिश्र निर्देशक. रंग वाइनसारखा गुलाबी. कंडेन्सरची नळी या द्रवात बुडलेली हवी, वर लोंबकळत असेल तर पहिल्याच वाफेतला अमोनिया खोलीत जातो.

मग ४० टक्के कॉस्टिक सोडा. किती घालायचा याचा हिशेब करता येतो. १० मिली तीव्र आम्लाला मारायलाच साधारण ३६ मिली लागतो, थोडं आम्ल पचनात खर्च झालेलं असतं. आम्ही सरसकट ५० मिली घालतो. पुरला की नाही ते सांगायला तांबं ट्यूबमध्ये आहेच : फिकट द्रव आधी निळा होतो आणि गरम होता होता गडद तपकिरी-काळा पडतो. निळंही झालं नाही तर सोडा कमी पडलाय, आणि अमोनिया आतच बसणार. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, रसायनशास्त्र शिकलेले नाहीत, पण मला हाक मारून सांगतात, "ताई, ही काळी पडली नाय बघा." त्यांचं सहसा चुकत नाही.

वाफ सोडल्यावर मिनिटाभरात फ्लास्कमधला गुलाबी रंग हिरवा होतो. ५० ते ६० मिली द्रव जमा होईपर्यंत चालू ठेवायचं. थांबवताना आधी फ्लास्क खाली घ्यायचा, नळीचं टोक पाण्याने धुवायचं आणि मगच वाफ बंद करायची. उलट केलं तर आत पोकळी तयार होते आणि सगळा फ्लास्क नळीतून परत वर खेचला जातो.

टायट्रेशन ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने. ते सोडियम कार्बोनेटवर आधी प्रमाणित केलेलं हवं, बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून चालत नाही. ०.१ नॉर्मल वापरलं तर याच मातीला जेमतेम अर्धा मिली लागेल, आणि एका थेंबाची चूक दहा टक्क्यांची होईल. हिरवा रंग थेंबाथेंबाने फिका होतो, क्षणभर करडा, धुवट, ना धड हिरवा ना गुलाबी असा होतो, आणि पुढच्या थेंबाला गुलाबी झाक येते. तिथेच थांबायचं. शेजारी ब्लँकचा संपलेला फ्लास्क ठेवते आणि त्याच्या गुलाबीशी हा गुलाबी जुळवते. अंतिम बिंदू अगदी पुस्तकातल्या रंगाचा असण्यापेक्षा प्रत्येक वेळी तोच असणं महत्त्वाचं, कारण शेवटी दोन टायटरची वजाबाकीच वापरायची असते.

ब्लँक म्हणजे माती सोडून सगळं : पाणी, क्षार, आम्ल, पचन, सोडा, वाफ. त्याला ०.२५ मिली लागलं. रसायनांतून आणि हवेतल्या अमोनियातून येणारा नत्र एवढा आहे. हा आकडा एखाद्या दिवशी अचानक वाढला तर आधी आजूबाजूला कुणी अमोनियाची बाटली उघडली का ते बघावं.

भिजवलेल्या मातीच्या तीन ट्यूबची टायटरं २.६५, २.६० आणि २.७० आली. सरासरी २.६५.

नत्र (%) = (नमुन्याचं टायटर − ब्लँकचं टायटर) × आम्लाची नॉर्मॅलिटी × १.४०१ ÷ मातीचं वजन (ग्रॅम)

हा १.४०१ आकडा पाठ करण्यापेक्षा कुठून येतो ते बघावं. १ मिली १ नॉर्मल आम्ल म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट, आणि तेवढा नत्र १४.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१४०१ ग्रॅम. टक्केवारीसाठी १०० ने गुणलं की १.४०१. ट्यूबमधलं सगळं डिस्टिल केलंय म्हणून आणखी कशाने गुणायचं नाही. १० मिलीच घेतले असते तर १० ने गुणावं लागलं असतं, आणि अहवालात दहापट चुका होतात त्या इथेच.

आता आकडे : २.६५ वजा ०.२५ म्हणजे २.४०. गुणिले ०.०२ म्हणजे ०.०४८. गुणिले १.४०१ म्हणजे ०.०६७२. माती १ ग्रॅम, तेव्हा ०.०६७२ टक्के. पण ही माती हवेत वाळवलेली आहे, आणि चिकण माती हवेत कितीही वाळवली तरी पाणी धरून ठेवते. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून बघितलं तर १०० ग्रॅम कोरड्या मातीमागे ८ ग्रॅम पाणी निघालं. म्हणून १.०८ ने गुणायचं : ०.०७२६, म्हणजे ०.०७३ टक्के.

न भिजवलेल्या जोडीचा हिशेब तसाच केला तर ०.०५७ आणि ०.०६५ येतो, सरासरी ०.०६१.

आप्पांना टक्के सांगून उपयोग नव्हता. वरचा १५ सेंटिमीटरचा थर आणि घनता १.३ धरली तर हेक्टरी साडेएकोणीस लाख किलो माती होते, तिच्यात जेमतेम १४०० किलो नत्र. एकरी पावणेसहाशेच्या आसपास. ऐकून ते हसले, "मग मी युरियाची पोती कशाला आणतोय?" त्यांना सांगितलं की यातला बहुतेक सगळा नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेला आहे आणि वर्षाला शेकडा एक ते तीन एवढाच मोकळा होतो. म्हणजे एकरी सहा ते सतरा किलो, आणि उसाला तेवढ्याने भागत नाही. यात नायट्रेट जवळपास धरलेलंच नाही, हेही सांगितलं. साध्या पचनात नायट्रेटचं अमोनियम होत नाही, त्यासाठी सॅलिसिलिक आम्लाचा वेगळा प्रकार आहे. त्यांनी माती खत देण्याआधी काढली होती, त्यामुळे त्याने मोठा फरक पडणार नाही.

मग ते अहवालाकडे बघून म्हणाले, "हे भिजवून-बिजवून कशाला लिवलंय? आकडा लिवला की झालं." पाच वर्षांनी याच रानाची माती कुठल्या तरी प्रयोगशाळेत जाईल, कदाचित आमच्याच. आज मी ०.०६१ लिहून दिला असता आणि तेव्हा कुणी माती भिजवून ०.०७३ काढला असता, तर पाचटाने एकरी शंभर किलोच्या आसपास नत्र वाढवला असं गावभर झालं असतं. उलटंही होऊ शकतं : पाचटाने खरंच वाढ झाली आणि पुढच्या माणसाने कोरड्या मातीवर आम्ल ओतलं, तर वाढ दिसणारच नाही. म्हणून अहवालाच्या खाली मी लिहिलं : अर्धा तास पाण्यात भिजवून, निवळल्यावर दीड तास जादा पचन, तीन ट्यूबची सरासरी, ओव्हनमध्ये वाळवलेल्या मातीवर. उरलेली माती बरणीत भरून, चिठ्ठी लावून त्यांच्याकडेच दिली. पुढच्या वेळी नव्या मातीसोबत हीही ब्लॉकवर चढवायची, म्हणजे दोन्ही एकाच हाताने, एकाच दिवशी पचतील.

आप्पांनी बरणी खिशात मावते का ते बघितलं आणि विचारलं, "हिला उंदीर-बिंदीर लागत नाय ना?"